गिझर तासभर चालू असतो, पण तासभर वीज खात नाही

प्रश्न: पुढच्या महिन्यात पुण्यातच नव्या २ बीएचकेमध्ये राहायला जातोय. चौघे आहोत. प्रत्येक वस्तूचे वॅट गुणिले रोजचे तास असा हिशोब एक्सेलमध्ये मांडला तर महिन्याला ८०१ युनिट आले (एसी ३५७, गिझर १२०, फ्रिज १०८, पंखे ९०, वॉशिंग मशीन ६०, बाकी किरकोळ). आताच्या भाड्याच्या घरात गॅस गिझर आहे, एसी नाही, आणि बिल १४०-१५० युनिटच्या वर जात नाही. नवीन घरात खरंच एवढं येणार का? की माझं कुठे चुकतंय?

उत्तर: गुणाकार बरोबर आहे. वॅट गुणिले तास भागिले हजार म्हणजे युनिट, त्यात काही खोट नाही. चुकलेत ते ‘तास’. तुम्ही बटण किती वेळ दाबलेलं असतं ते मोजलंत, ती वस्तू आत प्रत्यक्ष किती वेळ काम करते ते नाही. पंखा, ट्यूब, टीव्ही यांच्या बाबतीत या दोन गोष्टी एकच असतात. फ्रिज, गिझर, एसी, इस्त्री आणि कपडे धुताना पाणी तापवणारं मशीन यांच्या बाबतीत त्या अजिबात एक नसतात, आणि तुमच्या ८०१ पैकी साडेसहाशेच्या आसपास युनिट नेमके याच वस्तूंचे आहेत.

मी बावीस वर्षं घरांचं वायरिंग करतोय आणि ताबा घेताना ‘बिल किती येईल हो?’ हा प्रश्न प्रत्येकजण विचारतो. हिशोब करण्याआधी मी एकच गोष्ट मागतो, जुन्या घराचं बिल. महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो. तुमच्या कुटुंबाच्या सवयी, म्हणजे कोण किती वाजता झोपतं, दिवसा घरात कोण असतं, पंखा पाचवर की तीनवर, हे सगळं त्या आकड्यांत आपोआप आलेलं असतं. कुठल्याही एक्सेलमध्ये ते तसं येत नाही. म्हणून तुमचे १४०-१५० युनिट हा पाया धरा. तिकडून काय सुटणार आणि इकडे काय नवीन येणार, तेवढंच मोजायचं. तुमच्या यादीप्रमाणे नवीन म्हणजे इलेक्ट्रिक गिझर आणि एसी. बाकी घर थोड्याफार फरकाने तेच. तरी यादी तुम्ही केलीच आहे, तर एकेक वस्तू घेऊन ती दुरुस्त करू. शेवटी पायाशी जुळते का ते बघू.

फ्रिजपासून सुरुवात. तुम्ही १५० वॅट गुणिले २४ तास केलंत. मागच्या पाटीवरचे वॅट हे जास्तीत जास्त ओढीचे असतात. कॉम्प्रेसर थंडावा पुरा झाला की थांबतो किंवा मंद होतो. फ्रिजसाठी वॅट बघूच नका, दारावरचं स्टार लेबल बघा. त्यावर वर्षाचे युनिट छापलेले असतात. समजा २२८ लिहिलंय, तर महिन्याला १९. लेबलची चाचणी प्रयोगशाळेत होते. आपल्याकडे दार दिवसातून पन्नासदा उघडतं, गरम पातेलं आत जातं आणि मागे भिंतीला चिकटवून ठेवलेला असतो, म्हणून मी त्यात पाव भाग वाढवतो. झाले २४. तुमच्या १०८ चे २४.

आता गिझर, कारण इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. दोन बाथरूम, दोन हजार वॅटचे गिझर, प्रत्येकी तास, म्हणून रोज ४ युनिट, असं तुमचं गणित. पण १५ लिटरची टाकी २० अंशांवरून ६० पर्यंत न्यायला किती वीज लागते ते पाहा. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला १.१६ वॅट-तास लागतात. हा निसर्गाचा भाव आहे, कुठल्याही कंपनीच्या गिझरला तोच. १५ लिटर, ४० अंश, म्हणजे ७०० वॅट-तासांच्या जवळपास, ०.७ युनिट. दोन हजार वॅटच्या कॉइलला त्याला २१ मिनिटं पुरतात. मग थर्मोस्टॅट कट-ऑफ करतो आणि दिवा विझतो. उरलेल्या वेळात बटण चालू असलं तरी टाकीतून गळणाऱ्या उष्णतेपुरती अधूनमधून एखादी ओढ, एवढंच.

म्हणून गिझरचा हिशोब तासांत न करता बादल्यांत करा. आंघोळीचं पाणी साधारण ४२ अंशांचं. जानेवारीत पुण्यात सकाळी नळाचं पाणी २० अंशांच्या आसपास असतं. १८ लिटरची बादली, २२ अंशांची वाढ, १.१६ ने गुणलं की ४६० वॅट-तास. म्हणजे अर्ध्या युनिटला किंचित कमी. चार माणसांच्या चार बादल्या १.८४ युनिट, नळीत राहून थंड होणारं पाणी वगैरे धरून २.१. महिन्याला ६३. तेच मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी मुळातच ३० च्या आसपास येतं, अर्धं घर थंड पाण्यानेच आंघोळ करतं, तेव्हा १५ युनिटही पुष्कळ झाले. पावसाळ्यात मी ४० धरतो.

यात एक मोठी अट आहे. हे बादलीचं गणित आहे. नवीन फ्लॅटमध्ये शॉवर बसवलेत आणि मुलं त्याखाली सात-आठ मिनिटं उभी राहिली तर माणशी पन्नास-साठ लिटर जातात. मग गिझरचा आकडा सरळ तिप्पट. मागच्या वर्षी एका घरात माझा अंदाज नेमका इथे फसला. आजी-आजोबांना विचारून मी चार बादल्या धरल्या होत्या, कॉलेजातल्या नातवाला विचारायचं राहिलं.

एसीकडे येऊ. तुमचा दीड टनाचा इन्व्हर्टर आहे. १७०० वॅट गुणिले ७ तास गुणिले ३० म्हणजे ३५७. हे १७०० वॅट तो फक्त सुरुवातीला, भिंती आणि गादी तापलेली असताना ओढतो. खोली सेट केलेल्या तापमानाला आली की इन्व्हर्टर कॉम्प्रेसर आपला वेग उतरवतो. एसीच्या स्टार लेबलवरचा वर्षाचा आकडा १६०० तासांच्या वापरावर काढलेला असतो, हे बहुतेकांना माहीत नसतं. तो आकडा १६०० ने भागला की ताशी सरासरी मिळते. तुमच्या लेबलवर समजा ९६० युनिट असतील तर ताशी ०.६. सात तासांचे ४.२.

माझ्या स्वतःच्या बेडरूममध्ये मीटर लावून मी हे पडताळून पाहिलं होतं. दार-खिडक्या बंद, २६ वर सेट, एप्रिलची रात्र. पहिल्या तासाला १.४ युनिट गेले. नंतरच्या सहा तासांना ताशी अर्ध्याच्या आसपास. एकूण ४.४. लेबलच्या हिशोबाच्या जवळच. महिन्याचे १३२ धरा. पण तुमचा फ्लॅट वरच्या मजल्यावर असेल आणि बेडरूमची भिंत पश्चिमेला असेल तर ही भिंत रात्री अकरापर्यंत उष्णता सोडत राहते, तिथे मी बिनदिक्कत १७०-१८० लिहितो. आणि २६ ऐवजी २० वर लावून पांघरूण घेऊन झोपणारे असतील तर कॉम्प्रेसरला वेग उतरवायची संधीच मिळत नाही. त्यांच्यासाठी तुमचं १७०० वॅटचं गणितही फार लांबचं नाही.

पंखे मात्र उलट्या बाजूने बघा. लोक एसीला घाबरतात आणि पंख्याला वीज लागते हेच विसरतात. साधा छताचा पंखा ७५ वॅटचा. तुम्ही चार पंखे दहा-दहा तास धरलेत, म्हणजे रोज ४० ‘पंखा-तास’. प्रत्यक्षात माणसं एकाच वेळी चार खोल्यांत नसतात. दोन बेडरूम रात्री आठ-आठ तास, हॉल दिवसभरात दहा-बारा, असे २८ पंखा-तास उन्हाळ्यात धरले तर रोज २.१ युनिट, महिन्याला ६३. पावसाळ्यात ४५, थंडीत १५. तुम्ही नवीन पंखे घेणार असाल तर बीएलडीसी घ्या, तो पूर्ण वेगाला ३० वॅटच्या आसपास राहतो आणि उन्हाळ्यातले हे ६३ युनिट २५ वर येतात. रेग्युलेटर जुन्या डब्यासारखा मोठा असेल तर पंखा मंद केल्याने फारशी बचत होत नाही, उरलेली वीज तो डबा तापवण्यात जाते. हात लावून बघा, कळेल. आताचे छोटे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर तसे नसतात.

वॉशिंग मशीनचे दोन हजार वॅट हे आतल्या हीटरचे. थंड पाण्याचा प्रोग्रॅम लावला तर हीटर लागतच नाही आणि एका धुण्याला पाव युनिट पुरतं. महिन्याची वीस धुणी थंड पाण्याने, चार गरम पाण्याने धरली तर ८ युनिट. तुमचे ६० गेले. इस्त्रीचा दिवाही सारखा लागतो-विझतो, तिचे १५ चे ८ करा. मिक्सर पंधरा मिनिटं चालवत नाही कुणी, चटणीला दोन मिनिटं आणि वाटणाला तीन. त्याचे २. मोठ्या वॅटची पण मिनिटांत संपणारी अशी जी काही मंडळी आहेत, मायक्रोवेव्ह, चिमणी, आरओ धरून सगळ्या स्वयंपाकघराचे १५ लिहून पुढे चला. तिथे डोकं घालवण्यात अर्थ नाही. (इंडक्शनवर रोजचा स्वयंपाक करणार असाल तर मात्र हे वाक्य विसरा, तो वेगळा मोठा आकडा आहे.)

तुमच्या यादीत एक गोष्ट नाहीच. वायफायचा राउटर आणि सेट-टॉप बॉक्स. दोन्ही मिळून जेमतेम २२ वॅट, पण दोन्ही चोवीस तास चालू. टीव्ही रिमोटने बंद केला तरी बॉक्स आत जागाच असतो. महिन्याला १६ युनिट. लक्षात ठेवायला सोपं गणित असं, की सतत चालू असलेला प्रत्येक १० वॅट महिन्याला ७.२ युनिट खातो. तुमच्या मिक्सरचे ७५० वॅट दोन युनिट, आणि या गरीब दिसणाऱ्या डब्यांचे सोळा.

आता बेरीज. बारा महिने सारखं राहणारं आधी घेऊ. फ्रिज २४, दिवे १४, टीव्ही १०, राउटर आणि बॉक्स १६, मशीन ८, इस्त्री ८, स्वयंपाकघर १५, लॅपटॉप-मोबाइल ८. झाले १०३. थांबा, इथेच पायाशी ताळा करू. जुन्या घरात गॅस गिझर होता आणि एसी नव्हता, म्हणजे या १०३ मध्ये फक्त पंखे मिळवायचे. पावसाळ्यातले ४५ मिळवले की १४८. तुमचं बिल म्हणतं १४०-१५०. जुळलं. हे जुळलं नसतं, समजा बिल २०० असतं आणि यादी १४८ म्हणाली असती, तर यादीत काहीतरी राहिलंय किंवा जुना फ्रिज दमलाय असं समजून मी मागे फिरलो असतो. नवीन वस्तूंचा हिशोब त्यानंतरच.

हिवाळ्यात १०३ मध्ये गिझरचे ६३ आणि पंख्यांचे १५, एकूण १८१. पावसाळ्यात गिझर ४०, पंखे ४५, एकूण १८८. एप्रिल-मेमध्ये एसी १३२, पंखे ६३, गिझर १५, एकूण ३१३. म्हणजे वर्षातले नऊ महिने १८० ते १९०, आणि उन्हाळ्याचे तीनेक महिने ३०० च्या आगेमागे. माझा अंदाज वीस टक्के इकडे-तिकडे होऊ शकतो, घरी दिवसभर कुणी ज्येष्ठ मंडळी असतील किंवा कुणी घरून काम करत असेल तर वरच्या बाजूलाच. ८०१ मात्र नाही.

वर्षाची सरासरी काढून बाराने भागू नका, कारण दर टप्प्यांचे आहेत. महावितरणच्या घरगुती दरात १०० पर्यंत एक भाव, १०१ ते ३०० दुसरा, ३०१ ते ५०० तिसरा आणि त्यापुढे चौथा. प्रत्येक महिन्याचे युनिट वेगळे टप्प्यांत बसतात. यावर एक गैरसमज सतत ऐकतो, की ३०० ओलांडले की सगळेच युनिट महाग होतात. तसं नाही. ३१३ आले तर वरच्या भावाने फक्त १३. रुपये काढताना वीज आकाराच्या जोडीला वहन आकार, स्थिर आकार आणि या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क धरायला विसरू नका. चालू दर तुमच्या आताच्या बिलावर असतील, तेच घ्या.

अजून एक गोष्ट लोक एकमेकांत मिसळतात. नव्या जोडणीच्या अर्जात ‘भार’ किलोवॅटमध्ये विचारतात. तिथे सगळ्या वस्तूंच्या पाटीवरचे पूर्ण वॅटच जमेस धरायचे असतात, कारण गिझर वीस मिनिटंच चालला तरी त्या वीस मिनिटांत वायरमधून पूर्ण दोन हजार वॅटचा प्रवाह जातोच. वायर आणि एमसीबी त्याला पुरी पडायला हवी. तुमच्या एक्सेलमधला वॅटचा रकाना त्या कामासाठी ठेवून द्या, पुसू नका.

राहायला गेल्यावर हे पडताळायचं कसं? ताबा मिळेल त्या दिवशी मीटरचं रीडिंग मोबाइलवर फोटो काढून ठेवा. सुतार, पॉलिशवाले, टाइल कापणारे यांनी महिनाभर वापरलेली वीज तुमच्या पहिल्या बिलात येते आणि ते बघून माणूस उगाच घाबरतो. सामान लागून घर मार्गी लागलं की पुन्हा एक रीडिंग घ्या, सात दिवसांनी परत घ्या. फरक भागिले सात गुणिले तीस. तुमच्या घराचा खरा आकडा आठवड्यात हातात.

आणि त्याच्याही आधी, पहिल्याच दिवशी, पाच मिनिटांचं एक काम. एकाने घरात थांबायचं, दुसऱ्याने फोन कानाला लावून खाली मीटर रूममध्ये जायचं. मीटरवर लाल दिवा लुकलुकत असतो आणि शेजारी 3200 imp/kWh असं काहीतरी छापलेलं असतं. म्हणजे ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. १० वेळा लुकलुकायला किती सेकंद लागले ते मोजा आणि ११,२५० ला त्याने भागा, त्या क्षणी घर किती वॅट ओढतंय ते कळतं. ७५ सेकंद लागले तर १५० वॅट. (तुमच्या मीटरवर ३२०० ऐवजी १६०० असेल तर २२,५०० ला भागा.) मग वरच्याला सांगा, गिझर लाव. दिवा भराभर लुकलुकायला लागेल. शेवटी सांगा, मेन स्विच पाड.

मेन पाडल्यावर लुकलुक थांबलीच पाहिजे. नवीन इमारतीत ती थांबत नाही असं मी आजवर तीनदा पाहिलंय. एका जोडप्याला मी १७० युनिट सांगितले होते आणि बिल आलं ३९०. दोघंही दिवसभर ऑफिसला. मी खाली टॉर्च घेऊन उभा, ताई वर. मेन पाडला म्हणाल्या, तरी त्यांच्या नावाच्या मीटरचा दिवा लुकलुकतोच आहे. मग समोरच्या काकांना विनंती करून त्यांचा मेन पाडला, तेव्हा दिवा थांबला. बिल्डरच्या माणसाने मीटरवर फ्लॅट नंबर लिहिताना दोघांची अदलाबदल केली होती. काकांकडे दोन एसी आणि इंडक्शन, आणि काका तीन महिने सगळ्यांना सांगत होते की नवीन घरात बिल किती कमी येतं म्हणून.

असं निघालं तर सील असलेल्या मीटरच्या वायरी कुणाकडूनही बदलून घेऊ नका, माझ्यासारख्या वायरमनकडूनही नाही. दोन्ही मीटरचे नंबर, दोन्ही ग्राहक क्रमांक आणि त्या दिवशीची दोन्ही रीडिंग लिहून दोघांच्या सहीने महावितरणच्या उपविभागाच्या ऑफिसात अर्ज द्या आणि पोच घ्या. त्यांचा माणूस येऊन तपासणी करतो आणि बिलांची दुरुस्ती त्या रीडिंगवरून होते. म्हणून पहिल्या दिवशीचा फोटो.